बाळाच्या पाठीवरचा निळा डाग : मार नव्हे, जन्मखूण

बाळ जन्मल्यावर पहिले चार-पाच दिवस घरातली सगळी मंडळी त्याचे तोंड पाहण्यातच दंग असतात. नाक आजोबांवर गेले, कपाळ आत्याचे आहे, जिवणी मात्र आईचीच, अशी चर्चा चालू असते. पाठ कोणी पाहत नाही. पुढे न्हाऊ घालणाऱ्या बाईने बाळाला पायांवर पालथे घातले आणि पाठीला तेल लावायला घेतले, की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या आसपास एक निळसर-राखाडी डाग सर्वांच्या नजरेला पडतो. डाग थेट मुक्या मारासारखा दिसतो. मग "हे काय झालं?" आणि त्यापाठोपाठ "हे कोणी केलं?" असे दोन प्रश्न उभे राहतात.

माझ्या बालरुग्णांच्या दवाखान्यात हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा तरी येतो. त्याची उत्तरे मात्र घरोघरी आधीच ठरलेली असतात. कोणी म्हणते, आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. कोणी म्हणते, बाळ रडावे म्हणून नर्सने उलटे धरून जोरात चापट मारली. आणि बहुतेक वेळा बोट रोखले जाते ते न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे, "तिचा हात जड आहे" म्हणून. ही तिन्ही उत्तरे चूक आहेत. हा डाग बाळ जन्माला येतानाच घेऊन येते आणि बहुतेक मुलांत तो आपोआप जातो. इतक्या निरुपद्रवी गोष्टीवर एक सबंध लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. पण हा डाग न ओळखल्यामुळे निरपराध माणसावर आळ येतो आणि खऱ्या माराचा डाग 'जन्मखूण' म्हणून सोडून दिला तर बाळाच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून दोहोंतला फरक आज नीट समजून घेऊ.

डाग निळा का दिसतो?

आपल्या कातडीला रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशींना आपण रंगपेशी म्हणू. या रंगपेशी मुळात कातडीत जन्मत नाहीत. आईच्या पोटात गर्भ अगदी लहान असताना, जिथून पुढे पाठीचा कणा आणि मज्जारज्जू घडतात त्या भागाजवळ त्या तयार होतात आणि तिथून प्रवास करीत कातडीच्या वरच्या थरात येऊन बसतात. हा प्रवास साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतो. काही पेशी मात्र वाटेतच, म्हणजे कातडीच्या खालच्या थरात, अडकून राहतात. जिथे अशा पुष्कळ पेशी एकत्र राहिल्या, तिथे हा डाग दिसतो.

मेलॅनिन काळे-तपकिरी असते, मग डाग निळा कसा? याचे उत्तर आपल्या आजीच्या हातावरच्या गोंदणात आहे. गोंदताना वापरतात ती काजळी काळी असते, पण कातडीच्या आत गेल्यावर ती हिरवट-निळी दिसते. कारण असे, की खोलवरच्या काळ्या रंगावर प्रकाश पडतो तेव्हा त्यातला तांबडा भाग आत शोषला जातो आणि निळा भाग वरच्या कातडीतच विखुरला जाऊन आपल्या डोळ्यांकडे परत येतो. बाळाच्या पाठीवर निसर्गाने आतून असेच गोंदण केलेले असते. शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर जो रंग दिसतो, नेमका तो रंग या डागाचा असतो. इंग्रजीत त्याला आज जे नाव रूढ होत आहे, त्याचाही अर्थ 'पाटीच्या दगडासारखी राखाडी जन्मखूण' असाच आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. या डागात रक्त साकळलेले नसते. तिथली रक्तवाहिनी फुटलेली नसते, स्नायू चेंगरलेला नसतो. तिथली कातडी निरोगी असते, फक्त तिच्या खाली रंग असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढचे सगळे फरक आपोआप समजतात.

कोणाला होतो, किती दिवस राहतो?

जपानमध्ये काम करणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी १८८५ साली या डागाचे वर्णन केले आणि तो मंगोल वंशाची खूण आहे असे समजून त्याला तसे नाव दिले. पुढे तो आफ्रिकेत, भारतात, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत आणि थोड्या प्रमाणात युरोपीय बाळांतही आढळला. म्हणजे ते नाव चुकीचेच होते, शिवाय एका लोकसमूहाला डागाचे नाव देणेही योग्य नाही. म्हणून आता ते मागे पडत चालले आहे. तरीही दवाखान्याच्या कागदावर 'मंगोलियन स्पॉट' असे लिहिलेले दिसले, तर घाबरू नका. तो हाच डाग.

पूर्व आशियातील आणि आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य बाळांना हा डाग असतो. आपल्याकडेही निम्म्याहून अधिक नवजात बाळांच्या पाठीवर तो शोधल्यास सापडतो. गोऱ्या युरोपीय बाळांत मात्र तो क्वचित दिसतो. कोरियात तर अशी लोककथा आहे, की जन्माची देवता असलेल्या आजीने बाळाला "चल, बाहेर जा" म्हणून चापट मारली, तिचा हा वळ. डाग पाहून माराची आठवण होणे हे काही फक्त आपल्याकडेच घडते असे नाही.

डागाची नेहमीची जागा म्हणजे कमरेचा खालचा भाग आणि कुल्ले. काही बाळांना तो पाठीवर, खांद्याच्या मागे, क्वचित पायाच्या घोट्याजवळ किंवा हातावरही असतो. आकार वाटाण्याएवढ्यापासून मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा असू शकतो. एकच डाग असतो किंवा चार-पाचही असतात. पहिल्या वर्षात तो थोडा गडद झाल्यासारखा वाटू शकतो, मग हळूहळू फिका पडत जातो. बहुतेक मुलांत शाळेत जाण्याच्या वयापर्यंत तो नाहीसा होतो. काहींत तो वयात येईपर्यंत रेंगाळतो. त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. लिंबू चोळणे, हळदीचा जाड लेप देणे आणि विशेषतः बिब्बा लावणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. बिब्ब्याने बाळाची कोवळी कातडी भाजते, आणि जिथे नुसता रंग होता तिथे जखम होते.

माराचा डाग वेगळा कसा?

मुका मार लागतो तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपून साकळते. शरीर हे साकळलेले रक्त मोडून साफ करू लागते. रक्तातला तांबडा रंग मोडताना त्यातून हिरवट, पिवळट आणि तपकिरी द्रव्ये तयार होतात. म्हणून माराचा डाग आधी तांबूस-जांभळा, मग निळा-काळा, पुढे कडेने हिरवट-पिवळट होत जातो आणि साधारण दोन आठवड्यांत दिसेनासा होतो. रंगांचा हा क्रम प्रत्येक वेळी सारखा नसतो आणि त्यावरून मार नेमका किती दिवसांपूर्वी लागला हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण डाग बदलतो, एवढे नक्की.

जन्मखूण बदलत नाही. आज जशी आहे तशीच ती पंधरा दिवसांनीही असते. फिकी होते ती महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने. ती हिरवी-पिवळी होत नाही. तिचा रंग बहुधा सर्वत्र सारखा असतो आणि कडा आजूबाजूच्या कातडीत विरघळल्यासारख्या असतात. माराच्या डागात बऱ्याचदा मध्यभागी एक रंग आणि कडेला दुसरा असतो. माराच्या जागी हात लावला तर ती दुखते, सुरुवातीला सूज किंवा गाठ लागते. जन्मखुणेवर बोट फिरवले तर डोळे मिटून सांगता येणार नाही, की डाग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला.

एका परीक्षेबद्दल सावध करतो. डागावर बोट दाबून रंग जातो का ते पाहण्याची पद्धत अनेकांना ठाऊक असते. पुरळ किंवा लाल चट्टा ओळखायला ती उपयोगी आहे. इथे मात्र तिचा काही उपयोग नाही. साकळलेले रक्तही दाबल्याने हटत नाही आणि खोलवरचे मेलॅनिनही हटत नाही. तेव्हा "दाबून पाहिलं, रंग गेला नाही, म्हणजे मारच" हा निष्कर्ष चुकीचा आहे.

एका घरची हकिगत

हे सारे प्रत्यक्ष कसे तपासायचे ते एका उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा बदल केला आहे.

माहेरी बाळंतपण झालेली एक सून सव्वा महिन्यानंतर मुलीला घेऊन सासरी आली. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी सासूबाईंनी बाळाची पाठ पाहिली आणि तडक सगळे दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, लेकराला कुणीतरी आपटलंय. विहीणबाईंनी लक्ष दिलं नाही, दुसरं काय," असे सासूबाई म्हणाल्या. सून खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा हात थोडा जोरात चालायचा." येण्याआधीच माहेरी फोन झाला होता. त्या मावशींना ठरलेली साडी-चोळी द्यायची नाही असे ठरले होते, आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका बाळंतिणीच्या घरानेही त्यांना "उद्यापासून येऊ नका" असा निरोप धाडला होता. महिनाभर राबलेल्या बाईची मजुरी आणि अब्रू त्या डागावर टांगली गेली होती.

मी बाळाचे सगळे कपडे काढायला सांगितले आणि त्याला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पालथे घातले. पिवळ्या बल्बच्या किंवा ट्यूबच्या उजेडात असले रंग फसवतात. डाग तीन होते. सर्वांत मोठा माकडहाडावरून उजव्या कुल्ल्याकडे पसरलेला, टेपने मोजल्यावर सात बाय पाच सेंटिमीटर भरला. दुसरा डाव्या कुल्ल्यावर, दोन सेंटिमीटरचा. तिसरा डाव्या खांद्याच्या मागे, फिकट, जेमतेम तीन सेंटिमीटर. तिन्हींचा रंग राखाडी-निळा आणि एकसारखा होता. मी तिन्हींवर बोटांनी हलकेच दाब दिला. बाळाचा डोळा लागला होता, ते हललेही नाही. सूज नव्हती, गाठ नव्हती, जागा गरम नव्हती.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. मी बाळाची टाळू, डोळे, कानांच्या मागची जागा, तोंडाच्या आतला भाग, छाती, पोट आणि हातपाय पाहिले. दोन्ही हात आणि दोन्ही पाय ते सारखेच हलवत होते आणि सांधे हलवले तरी रडत नव्हते. वजन नीट वाढलेले होते. इतर कुठेही इजेची खूण नव्हती.

मग मी प्रसूती झालेल्या दवाखान्याचे कार्ड मागितले. त्यावर वजन होते, जन्मवेळ होती, लसी आणि व्हिटॅमिन 'के'चे इंजेक्शन दिल्याची नोंद होती, पण कातडीबद्दल एक शब्द नव्हता. ही नोंद असती, तर पुढचा सारा वाद दोन मिनिटांत मिटला असता. तेवढ्यात सुनेला आठवले, की तिच्या बहिणीने दवाखान्यातच बाळाचे पुष्कळ फोटो काढले होते. ते मोबाईलवर मागवले. त्यांतल्या एका फोटोत बाळ आईच्या छातीवर पालथे झोपले होते, दुपटे बाजूला सरकले होते आणि माकडहाडाजवळचा मोठा डाग थोडा अस्पष्ट, पण ओळखू येईल असा दिसत होता. फोटो जन्मानंतर चौथ्या दिवशीचा होता. मावशी कामाला लागल्या त्या सातव्या दिवशी.

तरीही मी त्याच वेळी "ही जन्मखूणच" असे लिहून दिले नाही. फोटोत एकच डाग दिसत होता, बाकीचे दोन नव्हते. मी कागदावर बाळाच्या पाठीचे साधे रेखाचित्र काढले, तिन्ही डाग जागेवर दाखवले, मापे आणि तारीख लिहिली. डागाशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्यायला लावला आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले. पंधरा दिवसांनी तिन्ही डाग होते त्याच जागी, त्याच मापाचे, त्याच रंगाचे होते. हिरवी-पिवळी छटा कुठेही नव्हती. माराचा डाग असता, तर एव्हाना तो गेला असता किंवा जायच्या बेतात असता. मग मात्र मी कार्डावर निदान लिहिले आणि खाली सही केली. मावशींची साडी-चोळी पोचली, आणि ती पोचवायला सासूबाई स्वतः गेल्या होत्या, असे पुढे कळले.

या हकिगतीतला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी उजेडात पाहणे, मग हाताने चाचपणे, मग सगळे अंग तपासणे, मग जुनी नोंद किंवा फोटो शोधणे आणि शेवटी पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणे. यांतली शेवटची पायरी सर्वांत भरवशाची. पण ती वाट पाहायची कधी? आधीच्या पायऱ्यांत शंकेला जागा राहिलेली नसेल, तेव्हाच.

लेक परदेशी असेल तर

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतल्या लेकी-सुना आज इंग्लंड, अमेरिका, कॅनडात आहेत आणि बाळंतपणासाठी इथल्या आजी तिकडे जातात. तिथे या डागाचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. हा डाग गोऱ्या बाळांत क्वचित असल्यामुळे तो फारसा न पाहिलेल्या नर्सला किंवा पाळणाघरातल्या बाईला तो मारच वाटू शकतो. अमेरिकेत शिक्षक, नर्स आणि डॉक्टर यांच्यावर मुलाला इजा झाल्याची शंका आल्यास ती कळवण्याचे कायद्याने बंधन आहे. कळवले की चौकशी होते आणि बाळाची रक्त गोठण्याची तपासणी, कधी हाडांचे एक्स-रेही काढले जातात. नवख्या आईबापांची अशा वेळी काय अवस्था होत असेल, ते सांगायला नको.

अशा वेळी विचारणाऱ्या नर्सवर रागावून उपयोग नाही. ती तिचे काम करीत असते, आणि एखाद्या खऱ्या मार खाल्लेल्या बाळासाठी तिचा तो संशय मोलाचा असतो. त्यापेक्षा तयारी आधीच ठेवावी. इंग्लंडमध्ये जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाची पूर्ण तपासणी होते आणि बाळाच्या आरोग्याची एक नोंदवही असते, तिला लाल पुठ्ठ्यामुळे 'रेड बुक' म्हणतात. त्या तपासणीच्या वेळीच बाळाची पाठ दाखवून डागाची नोंद करून घ्यावी. नोंद राहून गेली असेल, तर पहिल्या फोटोंची तारीख दाखवावी, असे डाग नेहमी पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञाची तपासणी मागावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहण्याची विनंती करावी.

उलटी चूक अधिक धोक्याची

इथपर्यंत वाचून कोणी असे समजेल, की बाळाच्या अंगावरचा प्रत्येक निळा डाग जन्मखूणच. तसे नाही. जे बाळ अजून पालथे पडत नाही, रांगत नाही, ते स्वतःला मारून घेऊ शकत नाही. चालू लागलेल्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर मार असणे स्वाभाविक आहे. दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगावर माराचा डाग असणे मुळीच स्वाभाविक नाही. गालावर, कानावर, मानेवर, पोटावर किंवा हातावर जन्मानंतर नव्याने उठलेला निळा डाग दिसला, तर पंधरा दिवस वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

अशा डागाचे कारण नेहमी मारहाणच असते, असेही नाही. काही वेळा तो रक्त न गोठण्याच्या आजाराचा पहिला इशारा असतो. विशेषतः जन्मतः व्हिटॅमिन 'के'चे इंजेक्शन मिळाले नाही आणि बाळ फक्त अंगावरच पीत असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत अचानक रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आईच्या दुधात इतर सारे असले, तरी हे एक जीवनसत्त्व फार थोडे असते. आधी अंगावर एखादा निळा डाग उठतो, नाकातून किंवा बेंबीतून थोडे रक्त येते, आणि काही दिवसांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या पहिल्या डागाला "जन्मखूण आहे, जाईल आपोआप" म्हणून सोडून दिले, तर हातची वेळ निघून जाते. घरी बाळंतपण झाले असेल, तर हे इंजेक्शन दिले गेले का, याची चौकशी आवर्जून करावी.

आणि डाग खरोखर मारहाणीचाच असला, तर ते झाकून ठेवणे हा बाळावर दुसरा अन्याय होय. डॉक्टरांना सांगावे. मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. जन्मखूण आणि मार एकाच बाळाच्या अंगावर, एकाच जागी असू शकतात, हेही विसरू नये. जन्मखुणेच्या जागेवर सूज आली, हात लावताच बाळ कळवळले किंवा पूर्वी नसलेली तांबूस-जांभळी छटा दिसली, तर तो मार समजूनच तपासावा.

आणखी थोड्या खुणा अशा आहेत, ज्या डॉक्टरांना दाखवाव्यात. डाग डोळ्याभोवती किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात असेल, तर तो वेगळा प्रकार असतो. तो सहसा जात नाही आणि डोळा तपासत राहावा लागतो. पाठीच्या मधोमध डागासोबत गाठ, खोल खळगा किंवा केसांचा झुपका असेल, तर आतल्या मणक्यांची तपासणी करावी लागते. आणि डाग पाठीप्रमाणे पोटावर, छातीवर, हातापायांवर फार मोठ्या भागात पसरलेले असून बाळाची वाढ मागे पडत असेल, तर काही दुर्मीळ आजारांचा विचार करावा लागतो. नुसता सपाट निळसर डाग, बाकी बाळ ठणठणीत, अशा वेळी यांतले काहीही करण्याची गरज नाही.

चार ओळींची नोंद

सगळ्या गोंधळावर उपाय एकच आणि तोही फुकटचा आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसांतच बाळाला उजेडात पालथे घालून पाठ नीट पाहावी आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे. दवाखान्यातून घरी येण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा नर्सला तसे सांगावे, म्हणजे नोंद त्यांच्या हस्ताक्षरात होते. ते राहून गेले, तर आशाताई पहिल्या दीड महिन्यात बाळाला पाहायला घरी येतात, त्यांना पाठ दाखवावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावर मोकळ्या जागेत लिहून घ्यावे. पाळणाघरात मुलाला ठेवण्याआधी तिथल्या बाईंनाही डाग दाखवून ठेवावेत. त्यात त्यांचेही संरक्षण आहे.

नोंद कशी असावी? 'पाठीवर डाग' एवढे लिहून भागत नाही. जागा, आकार, रंग आणि तारीख या चार गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ : "माकडहाडावर व उजव्या कुल्ल्यावर राखाडी-निळा सपाट डाग, ७ बाय ५ सेंटिमीटर. सूज नाही, दुखत नाही. जन्मापासून आहे." खाली तारीख आणि तपासणाऱ्याची सही. सोबत त्याच दिवशीचा, डागाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला एक फोटो असला, तर सोन्याहून पिवळे.